चटणीच्या डब्यातली मिश्री

माझी जीभ तिखट हाय, भवानी पेठेत कुणालाबी विचारा. पण त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात विहीणबाईंना मी जे बोलले, ते वैऱ्यालाबी बोलू नये.

सून सिद्धेश्वरीला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हाच मी घरातली सगळी मिश्री मोरीत ओतली. माझीबी! दातांना तंबाखू घासल्याशिवाय माझी सकाळ होत नव्हती, तरी ओतली. थोरल्या नातवाकडं बघून. त्याच्या वेळंला सून मिश्री लावायची, अन् सिद्धाराम जन्मला तो मुठीएवढा. आता थंडी पडली की त्याची छाती वाजते, पंप ओढावा लागतो. वर्गात एका जागी बसत न्हाय, बाई सारख्या बोलावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं मिश्रीमुळंच झालं असं एका पोरावरून सांगता येत नाही. पण तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, नाळेतून बाळाला कमी पोचतं. पोटात उपाशी राहतं ते. अशा पोरांत ही दुखणी जास्त दिसतात. या खेपेला एकदम बंद."

सून व्हय म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

सातव्यात वळसंगहून तिची आई कमलम्मा शेंगाचटणीचा डबा घेऊन आली आणि राहिलीच. मग सोनोग्राफीत बाळ वाढत न्हाय म्हणाले. आठव्यात रक्त जायला लागलं, रिक्षात घालून नेली. पोरगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत, नाकात नळी. मी कपडे न्यायला घरी आले, भाकरीसंगं चटणी काढली, तर डब्याच्या बुडाशी मिश्रीची पुरचुंडी.

दवाखान्याच्या जिन्यात गाठलं कमलम्माला. "कसाई हायस का गं? सवताच्या लेकीला इख दिलंस!"

ती रडली न्हाय. "माझी थोरली जगदेवी बाळंतपणात गेली. बाळ मोठं होतं, अडकलं. दोघंबी गेली. मिश्रीनं बाळ बारीक राहतं, आई सुटती. सिद्धारामच्या वेळंलाबी मीच दिली. सुटली की न्हाय?"

"सुटली? अगं, या खेपेला रक्त चढवलं तवा वाचली ती! बाळ अडलं तर डॉक्टर पोट चिरून काढत्यात, त्यापायी त्याला उपाशी मारत्यात व्हय?"

मागं भिंतीला धरून सिद्धेश्वरी उभी होती. सगळं ऐकलं तिनं. ती आईला म्हणाली,

"अव्वा, मला म्हणालीस, डोहाळे मारू नयेत, थोडी लाव. मी लावली." तिला धाप लागली होती. "मी तुझ्या पोटात होते तवा तू लावायचीस?"

"न्हाय गं," कमलम्मा म्हणाली. "तवा मला सवयच नव्हती."

"म्हंजे तुझ्या पोटात मला पोटभर दिलंस."

आतून नर्सनं हाक मारली, बाळासाठी दूध काढून द्या म्हणून. कमलम्मानं आधाराला हात पुढं केला. सिद्धेश्वरीनं तो बाजूला सारला आणि भिंत धरत एकटीच आत गेली.