खोलीच्या प्रमाणात

हातमोजे, अकरा जोड्या.

दिवाळ्याच्या जेट्टीची तिसरी पायरी, तिच्यावरचं शेवाळ.

तीन हजार रुपये, दिवसाला. त्याच्या वर नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नर्सने खोलीत मारलेला मोगऱ्याचा फवारा.

एका बाईने एकाच दुपारी तीनदा केलेली आंघोळ.

हे सगळं एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला रुतिकाच्या टेबलावर येऊन पडलं. टेबल हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाला लागून. वर पाटी: ‘विमा कक्ष’. कक्ष कसला, काचेचं एक खोकं. रुतिका त्या खोक्यात बसून सहा वर्षं एकच काम करत आली होती. ऑपरेशन झाल्यावर माणसाच्या खिशातून किती जाणार, ते ऑपरेशनच्या आधी सांगायचं. बोलून चालून अंदाज. पण तिचा अंदाज हजार-दोन हजारांच्या वर चुकत नसे. शेजारच्या बिलिंगमधला विपुल तिला ‘ज्योतिषी’ म्हणायचा. “आमची ज्योतिषी फक्त वाईटच सांगते, पण खरं सांगते हां.”

समोर प्रणय उभा होता. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला, तिच्याच आळीतला. तळोज्याला केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळणारा. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं.

“आई पडली गं. सकाळी जेट्टीवर. खुब्याचं हाड गेलं. डॉक्टर बोलले, बॉल बदलायचा. उद्या-परवाच.”

“पॉलिसी?”

“आहे ना! तीन लाखांची. टेन्शन नाही त्याचं.” त्याने मोबाइल पुढे केला. “आणि सिंगल रूम लिही. हिशोब केलाय मी. विमावाले तीन हजार देतात खोलीचे, तुमची सिंगल सहा हजारांची. म्हणजे दिवसाला तीन हजार माझे. चार दिवस, बारा हजार. वर उरलेल्या बिलाचे वीस टक्के आपले. सगळं मिळून सत्तावन्न हजार होतात. साठ आणलेत मी.”

त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. त्याला शाबासकी हवी होती. रुतिकाने पाकिटाकडे पाहिलं. हा हिशोब तिने शेकडो वेळा ऐकला होता. शिकलेली, हुशार माणसंच हा हिशोब करत.

“दादा, असं नसतं ते.”

“म्हणजे?”

“खोली दुप्पट महागाची घेतली ना, तर विमा कंपनी फक्त खोलीचे पैसे अर्धे करत नाही. सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, थिएटरचं भाडं, सगळंच अर्धं करते. खोलीच्या प्रमाणात. तुमच्या पॉलिसीत तसं कलम आहे.”

“का पण?”

“कारण आमचे दरसुद्धा खोलीवरच ठरतात. तेच ऑपरेशन सिंगलमध्ये महाग, जनरलमध्ये स्वस्त. फक्त बॉल, औषधं, तपासण्या, यांना हात लावत नाहीत. त्यानंतर जे मंजूर होईल त्यातले वीस टक्के तुमचे. आणि हातमोजे, गाऊन, सुया टाकायचा डबा, ॲडमिशनचं किट, हे सगळं पूर्ण तुमचं. ते कोणीच देत नाही.”

“हातमोजे? डॉक्टर घालणार, आणि पैसे माझे?”

“अकरा जोड्या,” रुतिका म्हणाली आणि टाइप करू लागली.

सिंगल. खोली चोवीस हजार, त्यातले मंजूर बारा. सर्जन, भूल, थिएटर मिळून एक लाख दहा, मंजूर पंचावन्न. बॉल, औषधं, तपासण्या नव्वद, सगळे मंजूर. किरकोळ चौदा, मंजूर शून्य. बिल दोन लाख अडतीस हजार. मंजूर एक लाख सत्तावन्न, त्यातून वीस टक्के वजा. कंपनी देणार एक लाख पंचवीस हजार सहाशे.

खिशातून: एक लाख बारा हजार चारशे.

दोघांची खोली, चार हजारवाली: त्र्याहत्तर हजार चारशे.

जनरल वॉर्ड, अठराशेवाला, मर्यादेच्या आत, म्हणून काहीच कापलं जात नाही: पंचेचाळीस हजार आठशे चाळीस.

प्रणयने छापलेला कागद वरून खाली वाचला. मग हळूच म्हणाला, “साठात फक्त जनरल बसतंय. पण ती जनरलमध्ये नाही जाणार गं. तू ओळखतेस तिला. माझं ऐक, तिला यातलं काही सांगू नको. सोसायटीतून कर्ज उचलतो, दोन दिवस लागतील. तिला फक्त सांग, सत्तावन्न.”

“डिपॉझिट आजच भरावं लागेल दादा. आणि संमतीपत्राला हा कागद जोडायचा असतो. त्यावर पेशंटची सही लागते.”

“सही करेल ती. वाचणार थोडीच आहे.”

रुतिका गप्प राहिली. अशा गप्प राहण्याला लोक होकार समजतात.

धोंडूबाई तातडीच्या विभागात पडद्यामागे होत्या. पाय वाळूच्या पिशव्यांमध्ये अडकवलेला, केसांत अजून अबोलीचा गजरा. वेदनेचं इंजेक्शन देऊन झालं होतं. बेलापूरच्या बाजारात चाळीस वर्षं मासळीचा पाट मांडून बसलेली बाई. तिने कधी कॅल्क्युलेटर हातात धरला नव्हता आणि तिच्याकडून कधी एक रुपया जास्त गेला नव्हता.

“जोतीरामची ना गं तू? ये. कागद आनलास? किती?”

“आई, सत्तावन्न,” प्रणय घाईने म्हणाला.

“तुला नाय इचारलं. ही पोरगी सांगंल. तिचा चेहरा बग, भाव पडल्यावानी झालाय. किती गं?”

प्रणयने आईच्या उशामागून मान हलवली. नको. रुतिकाला ती हललेली मान नीट दिसली. नंतर कितीतरी दिवस तिला ती दिसत राहिली. पण त्या क्षणी एका म्हाताऱ्या बाईचे डोळे तिच्यावर रोखलेले होते, आणि सहा वर्षांत तिने कुणालाही खोटा आकडा सांगितला नव्हता.

“मावशी, एकटीची खोली घेतली तर एक लाख बारा हजार.”

“आनि खोली नाय घेतली तर?”

“जनरल वॉर्डात सेहेचाळीस.”

धोंडूबाईंनी डोळे मिटले. हिशोब करत असाव्यात. मग विचारलं, “डाक्टर तोच?”

“तोच.”

“सुरी तीच? हाड तेच माजं?”

“सगळं तेच.”

“म्हंजे टोपली मोठी मागितली म्हनून म्हावरापन म्हाग?” त्या हसल्या. हसताना पाय हलला आणि हसू तोंडातच मोडलं. “असा धंदा आमी केला असता तर बायकांनी पाट खाडीत फेकला असता गं.”

“दोघींची खोली आहे, मावशी. त्र्याहत्तर. वर तेरा-साडेतेरा हजार लागतील, मी बोलते बिलिंगमध्ये—”

“दोगींची?” त्यांचा आवाज सपाट झाला. “दोगांच्याच खोलीत होता ना बाळाराम.”

रुतिकाला ते माहीत होतं. आळीत सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त कोणी मोठ्याने बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा बाळाराम एका हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता. धोंडूबाई बाजारातून थेट तिथे गेल्या. पलीकडच्या खाटेशी बसलेल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, नर्सला बोलावलं. नर्सने फवारा मारला आणि फार सभ्यपणे म्हणाली, आजी, आंघोळ करून येता का? धोंडूबाई घरी गेल्या. एकदा साबणाने, एकदा लिंबाने, एकदा पुन्हा साबणाने. परत आल्या तेव्हा खाट आवरलेली होती.

“आता वॉर्डात सोळा जनी,” धोंडूबाई म्हणाल्या. “सोळा पदर नाकाला. मी उटून जाऊ पन शकत नाय. पडून बगत राहू?”

“कोणी काही म्हणणार नाही, मावशी.”

“तू सेंट मारून कामाला येतेस ना गं?”

सहा वर्षं, रोज, घरातून निघताना. पर्समध्ये दुसरी बाटली.

“आई, सिंगलच घे,” प्रणय पुढे झाला. “मी बघतो पैशांचं. कर्ज मिळतंय मला.”

“तुज्या पोरीची, उन्नतीची, फी भरलीस शाळंची? दोन हप्ते राहिलेत. मना सून सांगते सगळं. कर्ज माज्या नावानं नको.” त्यांनी कागद मागितला, उलटा धरला, परत दिला. “घरी ने मना. नावड्याला एक हाड बसवनारा हाय.”

“मावशी, हे बसवायचं हाड नाही. पडून राहिलात तर छातीत कफ—”

“घरी ने.”

डॉक्टर आले, समजावून गेले. पुन्हा आले. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या यादीत हे हॉस्पिटल नव्हतं. यादीतल्या ज्या हॉस्पिटलात विपुलने फोन लावला, तिथे तीन आठवड्यांनंतरची तारीख होती. शुद्धीतल्या बाईला बळजबरीने भूल देता येत नाही. दुपारी दोनला ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी’ या कागदावर धोंडूबाईंनी अंगठा नव्हे, सही केली. पूर्ण नावाची, हळूहळू, प्रत्येक अक्षर वेगळं.

ॲम्ब्युलन्सच्या दाराशी प्रणय रुतिकाकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“सत्तावन्न म्हणायला तुझं काय जात होतं?”

ती खोक्यात परत आली. फाइल बंद करताना कॉम्प्युटर कारण विचारतो आणि चार पर्याय देतो. चारांतला एकही खरा नव्हता. तिने ‘इतर’ निवडलं.

“सोड ना,” विपुल म्हणाला. “तू बरोबरच सांगितलंस.”

“हो,” ती म्हणाली. “बरोबरच होतं.”

त्यानंतर काय झालं ते सांगायला वेळ लागत नाही. हाड बसवणाऱ्याने पट्टी बांधली. पाचव्या दिवशी खोकला. सातव्या दिवशी ताप, आणि पाठीला जखम. आळीतल्या बायका आळीपाळीने उशाशी बसत, रुतिकाची आईही. रुतिका एकदा दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरूनच परतली. आत कुणीतरी हसत होतं, धोंडूबाईच असाव्यात.

दहाव्या दिवशी सकाळी प्रणयचा फोन आला.

“आणतोय तिला. श्वास लागलाय. आता कुठेही चालेल, जनरल चालेल. ती काही बोलत नाहीये.”

“दादा, आता आयसीयू लागेल.”

“मग ते लिही.”

तिने नवीन कागद काढला. आयसीयूची मर्यादा सहा हजार, दर नऊ हजार. व्हेंटिलेटर. बॉल बदलणं पुढच्या रकान्यात, ‘स्थिती सुधारल्यास’. हातमोज्यांच्या रकान्यात आकडा घालताना ती थांबली, कारण आयसीयूत ते मोजत नाहीत, डब्यानेच धरतात. बिलाचा अंदाज साडेचार लाखांवर गेला. पॉलिसी तीन लाखांची. खिशातून: एक लाख पंच्याऐंशी हजार.

प्रणयने कागद वाचलाच नाही. “सही कुठे?” एवढंच विचारलं.

“इथे. आणि इथे नातं लिहा.”

त्याने ‘मुलगा’ लिहिलं. आयसीयूच्या दारावर पाटी होती, एका वेळी एकच नातेवाईक. आत जाण्याआधी सगळ्यांनाच हात धुवायला लावत होते, गाऊन चढवायला लावत होते. प्रणय गाऊनचे बंद उलटे बांधून आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा विमा कंपनीची पहिली मंजुरी आली होती, साठ हजारांची. दाराबाहेरच्या बाकावर बसलेली रुतिका ती सांगायला उभी राहिली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती परत बसली.

मार्चमध्ये आईचं नाव वगळून प्रणयच्या पॉलिसीचं नूतनीकरण झालं, तेव्हा खोलीची मर्यादा काढून टाकायला वर्षाचे अठराशे चाळीस रुपये जास्त पडत होते.