पात्र चौकशी

पौडच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत दीड किलोमीटरवर इंद्रजित आणि शुभांगी यांचं वृद्धांचं शुश्रूषा केंद्र होतं. जमीन इंद्रजितच्या वडिलांची, जयसिंगआप्पांची. शुभांगी लग्नाआधी पुण्यात एका हॉस्पिटलात नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या, आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिने वीस खाटांची जागा उभी केली. तीन वर्षांत सातच्या वर खाटा कधी भरल्या नाहीत.

क्षितिजा मूळची परभणीची. हिंजवडीतली नोकरी सोडून ती भुकूमच्या फ्लॅटमधून स्वतंत्रपणे आकड्यांचं काम करायची. जाहिरातीवर होणारा खर्च नेमका कुठे जातो, हे ती छोट्या व्यावसायिकांना शोधून द्यायची. शुभांगीने तिला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला.

"महिन्याला साडेसहा हजार लोक आमच्या जाहिरातीवर क्लिक करतात, असं एजन्सी सांगते. मग येत का कुणी नाही?"

क्षितिजा दोन आठवडे केंद्राच्या ऑफिसात फोनशेजारी बसली. मागच्या महिन्याचे सगळे फोन आणि वेबसाइटवरचे फॉर्म तिने एकेक करून तपासले. एकूण एकशे त्र्याहत्तर. एकसष्ट जणांना नोकरी हवी होती. अठ्ठेचाळीस जण मोफत वृद्धाश्रम शोधत होते. सत्तावीस जणांना वाढदिवसाला म्हाताऱ्यांना जेवण घालून फोटो काढायचे होते. पंधरा जण डायपर आणि गाद्या विकणारे. उरले बावीस, त्यातल्या अकरा घरांत खरोखर पेशंट होता आणि खर्चाची तयारीही होती. बाकी हजारो क्लिक मोबाईलवर गेम खेळताना चुकून बोट लागल्याचे.

मग तिने पत्र लिहिलं. शुभांगीने ते ऑफिसात मोठ्याने वाचलं. समोर इंद्रजित होता आणि दाराजवळच्या बाकावर आप्पा.

"'यापुढे क्लिक हे आपलं मुख्य उद्दिष्ट नसावं. त्याऐवजी पात्र चौकश्या मोजाव्यात, असा माझा प्रस्ताव आहे. पात्र चौकशी म्हणजे तीन गोष्टी: घरात आपण सांभाळू शकतो असा पेशंट आहे, महिन्याचा खर्च कुटुंबाला माहीत आणि मान्य आहे, आणि निर्णय महिनाभरात घ्यायचा आहे. हे तिन्ही प्रश्न फॉर्मवर आणि फोनवर विचारावेत आणि प्रत्येक चौकशीपुढे पात्र की अपात्र, हे त्याच दिवशी लिहावं. गेमच्या ॲपमधल्या आणि नोकरी शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिराती बंद कराव्यात. महिन्याला दहा-पंधरा पात्र चौकश्या एवढ्यावर जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेला पुरेसं शिकता येत नाही. म्हणून तिला सगळे पूर्ण भरलेले फॉर्म दाखवू, आपलं यश मात्र पात्र चौकश्यांवरच मोजू. क्लिक खूप खाली येतील. ते पाहून घाबरू नये.'"

"किती खाली?" इंद्रजितने विचारलं.

"सातशे-आठशे," क्षितिजा म्हणाली.

इंद्रजितचा चेहरा पडला. दर महिन्याचा तो आकडा तो आप्पांना दाखवायचा. आजूबाजूच्या जमिनी प्लॉटिंगला गेल्या होत्या. आप्पा तेवढ्या आकड्यावर जमीन विकायचे थांबले होते.

"साडेसा हजार माणसं बघत्यात म्हनतूयास, म्हनून मी गप हाय," आप्पा म्हणाले. "आता ह्या बाई म्हनत्यात ती माणसं न्हाईतच."

"माणसं आहेत आप्पा, पण आपल्याकडे येणारी नाहीत," शुभांगी म्हणाली. "खरी किती आहेत ते तरी कळू दे. मला नाही अशा आकड्यावर जगायचं."

आप्पांनी सहा महिने दिले.

क्षितिजाने सगळं मनापासून केलं. फॉर्म बदलला, फोनवर विचारायचे प्रश्न शुभांगीला लिहून दिले, दर सोमवारी पौडला येऊन ती नोंदी तपासू लागली. क्लिक नऊशेवर आले. पात्र चौकश्या अकराच्या चौदा झाल्या, मग एकोणीस, चौथ्या महिन्यात तेवीस. प्रस्ताव बरोबर ठरला होता. तो आकडा आला त्या संध्याकाळी शुभांगीने तिला खोलीखोलीतून फिरवलं. कोपऱ्यातल्या खाटेवर धोंडाबाई होत्या, शेजारच्याच गावच्या. त्यांचं जवळचं कुणी उरलं नव्हतं, लांबचा एक पुतण्या पैसे पाठवायचा. त्या क्षितिजाला सायली म्हणायच्या. सायली कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"सायले, जेवलीस का गं?"

"जेवले आजी."

चौकश्या आल्या, त्यातली बरीच कुटुंबं केंद्र बघायलाही आली. खोल्यांतली स्वच्छता, स्वयंपाक, शुभांगीचं वागणं, सगळं त्यांना आवडायचं. मग गाडीत बसता बसता मुलगा किंवा सून विचारायची, "अचानक काही झालं तर हॉस्पिटल किती लांब?"

"आयसीयू असलेलं म्हणाल तर तासभर. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असली की जास्त."

"कळवतो," असं म्हणून ते जायचे. क्षितिजाने मागाहून त्यांना स्वतः फोन केले. एकतीस कुटुंबांपैकी सव्वीस जणांनी तेच कारण सांगितलं. सहा महिन्यांत दोन नवे पेशंट आले, आणि आधीच्यांपैकी तिघे वारले.

आता जाहिरातीला दोष देता येत नव्हता. योग्य माणसं दारापर्यंत येत होती आणि परत जात होती. आयसीयू जवळ आणणं कुणाच्याच हातात नव्हतं.

सहाव्या महिन्याचा अहवाल लिहायच्या आधी इंद्रजितचा फोन आला. "मॅडम, ती व्याख्या जरा सैल करता येईल का? नुसती विचारपूस करणारेही पात्र धरले तर साठ-सत्तर होतील. आप्पांना तेवढं पुरेल."

"मग परत क्लिकच मोजल्यासारखं होईल."

"व्हय, मला कळतंय." इंद्रजित म्हणाला. "पण वर्षभर तरी निघालं असतं."

क्षितिजाने दोन दिवस विचार केला. आणि खरे आकडे लिहून पाठवले.

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी अहवाल इंद्रजितकडून दोनदा वाचून घेतला. "पोरीनं खरं सांगितलं," एवढंच म्हणाले आणि आठवड्याभरात प्लॉटिंगवाल्याला होकार कळवला.

सहा जणांना हलवायचं होतं. पाच कुटुंबांनी शहरात सोय केली. धोंडाबाईंचा पुतण्या त्यांना तळेगावच्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेला. गाडीत बसवताना त्यांनी शुभांगीच्या साडीचा पदर धरला आणि सोडेनात. शुभांगीने हळूहळू एकेक बोट सोडवलं. जवळ उभ्या क्षितिजाला त्यांनी ओळखलं नाही.

गाडी गेल्यावर क्षितिजा म्हणाली, "ताई, मी ते पत्र..."

"तुमचं काही चुकलं नाही. मीच म्हणाले होते, खरं कळू दे." शुभांगी रिकाम्या खोलीत चादरी गोळा करत होती. "पण खरं सांगू? ते पत्र आलं नसतं, तर आप्पा अजून वर्षभर थांबले असते. आमचं ते एक वर्ष वाया गेलं असतं. धोंडाबाईंना तेवढंच उरलं होतं."

क्षितिजाने चादरीचं दुसरं टोक धरलं, दोघींनी घड्या घातल्या.

धोंडाबाई पाचव्या आठवड्यात गेल्या. पुतण्याने शुभांगीला कळवलं, शुभांगीने क्षितिजाला. पुढच्याच महिन्यात एका लग्नाच्या लॉनवाल्याने क्षितिजाला काम दिलं. त्याच्याही जाहिरातीला क्लिक भरपूर येत होते आणि बुकिंग होत नव्हतं. काय सुचवायचं, ते तिला नीट माहीत होतं. पत्राची पहिली ओळ लिहायला तिला आठ दिवस लागले.