तपासून पाहिलं, बरोबर आहे

पाचवीच्या बाई अजून हंगामी होत्या. आज साहेब पाठ बघायला येणार होते आणि बाईंनी कायम व्हायचं की घरी बसायचं, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मग बाईंनी काय शिकवलं? छे, शिकवतंय कोण! आठवडाभर एकच गणित घोटून घेतलं. सहा कपाटं, प्रत्येकात पंचवीस पुस्तकं, त्यांतली चाळीस मुलांनी घरी नेली, तर उरली किती?

भिंतीवर मात्र रंगीत तक्ता झळकत होता: वाचा, आखा, सोडवा, तपासा. नवा कोरा, साहेबांसाठीच टांगलेला.

साहेब मागच्या बाकात कसेबसे मावले. त्यांच्यावर तिरका डोळा ठेवून बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, आणि त्या गडबडीत सहाऐवजी आठ कपाटं लिहिली.

"विचारलंय काय?"

"उरलेली पुस्तकं!"

"त्याआधी काय शोधायला हवं?"

"एकूण पुस्तकं!"

"किती?"

"दीडशे! चाळीस गेली, एकशे दहा उरली!"

फळ्याकडे बघायची तसदी कुणी घेतली नाही. बाईंनीसुद्धा नाही.

"आता तपासा. उत्तरापासून उलटं जा."

"बरोबर!" सगळा वर्ग गरजला. खिडकीजवळची चष्मेवाली तेवढी खरंच उलटी गेली होती. तिनं हात वर केला.

"बाई, जमत नाही. एकशे दहात चाळीस मिळवले की दीडशे. पण दीडशेला आठनं भागलं तर सहा उरतात. कपाटात पंचवीस येतच नाहीत."

बाईंनी फळा पाहिला. आठ कपाटं, म्हणजे एकूण दोनशे, उत्तर एकशे साठ. एवढं कळायला त्यांना वेळ लागला नाही. कबूल करायला मात्र तोंड उघडेना, कारण मागे साहेब बसले होते.

"तू नीट वाचलं नाहीस. बस खाली," बाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या.

वर्ग फिदीफिदी हसला. पोरीनं चष्मा पुसून फळा पुन्हा वाचायला घेतला, तोवर बाईंनी डस्टर फिरवलासुद्धा.

पाठभर मोबाईल चाळणाऱ्या साहेबांनी शेरा दिला, "तपासण्याची पायरी विशेष उत्तम." बाई कायम झाल्या. शिक्षकांच्या खोलीत टाळ्या पडल्या आणि बाईंनी त्या लाजत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं गणित घातलं, या खेपेस आकडे दोनदा बघून. फिरत फिरत त्या चष्मेवालीपाशी आल्या. तिच्या वहीत वाचा, आखा, सोडवा, तिन्ही रकाने कोरे होते. चौथ्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'तपासून पाहिलं, बरोबर आहे.'

"अगं, अजून सोडवलं तरी कुठंयस?"

"सोडवते ना, बाई. पण ते बरोबरच म्हणायचं असतं ना?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उत्तराची वाट बघत राहिली आणि बाई पुढच्या बाकाकडे वळल्या.