एकच रेघ

पट्टीवर एकच रेघ उमटली आणि वहिनी न्हाणीघराच्या दारातच मटकन बसली. पाळी आठवडाभर लांबल्यावर तिने मनातल्या मनात पाळणाही टांगला होता.

नणंद दवाखान्यात नर्स होती. तिने पट्टी उजेडात धरली. "आत्ता दुपारी केलीस?"

"हो. लघवी येईना, म्हणून तांब्याभर पाणी प्यायले."

"धन्य आहेस, वहिनी. एवढ्या पातळ लघवीत पट्टीला हार्मोन सापडणार कसा? शिवाय या महिन्यात बीज उशिरा सुटलं असेल, तर अजून लवकरच आहे. आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीची कर."

"आणि तेव्हाही दुसरी रेघ नाही आली तर?"

"तर डॉक्टरांकडे. ताण, रात्रपाळी, थायरॉईड, कशानेही पाळी लांबते. मध्येच पोटात जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र लगेच सांगायचं. तिथे लाजायचं नाही."

वहिनीने आठवडा कसाबसा ढकलला. पाळी आलीच नाही आणि सकाळी पुन्हा एकच रेघ दिसली. डोळे पुसत ती बाहेर आली, तर नणंद चपला घालून तयार.

"कामावर जायचं नाही तुला?"

"रजा टाकली. चल दवाखान्यात."

"आणि दोन रेघा आल्या असत्या तर?"

"तरी तिथेच जायचं होतं, बाई."

वहिनीला रडता रडता हसू फुटलं. "म्हणजे माझं काही चुकलं नाही ना गं?"

"चुकलं ना. आठवडाभर एकटीच कुढत बसलीस," म्हणत नणंदेने तिच्या पायापुढे चपला सरकवल्या.