दर पौंडाला एक ग्रेन

इंद्रायणी हसनाबादच्या धनगराची लेक. लहानपणी बाप तिच्या हातात कोकरू द्यायचा आणि विचारायचा, "किती भरंल?" ती डोळे मिटून सांगायची, आणि गिऱ्हाइकानं काट्यावर घातलं की बहुतेक वेळा तेवढंच भरायचं. पुढं जालन्याच्या दवाखान्यात ती नर्सचं शिकली, तिथंच नोकरीला राहिली. बाळं तोलायचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सरक्या काढायच्या कारखान्यांमधून उडालेला कापूस दवाखान्याच्या अंगणात तरंगत होता. उन्हात ते पुंजके वर जायचे, थांबायचे, जणू कुठं जायचं ते विसरून गेले. औषधांच्या खोलीत खिडकीपाशी इंद्रायणी आणि कंपाउंडर मार्तंडराव समोरासमोर बसले होते. मध्ये एक कागद. दवाखान्याचे डॉक्टर काकासाहेब यांनी खेड्यांतल्या नर्सांसाठी तो लिहिला होता, सायक्लोस्टाइलवर त्याच्या बारा प्रती निघाल्या होत्या. थंडीत लेकरांना न्यूमोनिया धरायचा आणि नव्या सल्फाच्या गोळ्या आल्या होत्या. कुणाला किती द्यायच्या, त्याचा हा तक्ता. काकासाहेब सकाळीच अंबडच्या दौऱ्यावर गेले होते. जाताना म्हणाले, "दोघं एकदा नजर टाका. उद्या वाटायचाय."

मार्तंडराव जालन्यातल्याच मस्तगडात राहणारे, पन्नाशीचे. नजर टाकणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, "इंद्रायणी, तू तुझं वेगळं गणित कर, मी माझं करतो. मंग मिळवू. एकानं केलं अन् दुसऱ्यानं मान हलवली, त्याला तपासणं म्हणत न्हाईत."

कागदाच्या माथ्यावर नियम लिहिला होता: वजनाच्या दर पौंडाला दिवसभरात एक ग्रेन औषध. एक गोळी अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे साधारण साडेसात ग्रेन. खाली पाच ओळी. सात, दहा, चौदा, पंचेचाळीस, साठ पौंड. त्यांच्यापुढं दिवसाच्या गोळ्या: दोन, तीन, चार, सहा, आठ. शेजारी प्रत्येक वेळची मात्रा, आणि कोपऱ्यात कंसात अंदाजी वय.

इंद्रायणीनं वरून खाली बोट फिरवलं. दोन, तीन, चार, सहा, आठ. टेकडी चढणाऱ्या मेंढरांसारखे आकडे एकामागून एक नीट चालले होते, कुठं एक मागं न्हाई की पुढं न्हाई. खिडकीतून उबदार ऊन येत होतं. डोळे जड झाले. अर्धवट गुंगीत तिला वाटलं, आपल्या हातात एक मूल आहे. दहाच्या ओळीतलं. सव्वा वर्षाचं, असं कागद म्हणत होता. तिनं त्याला मनातल्या मनात उचललं, आणि ते हातात कापसासारखं हलकं लागलं. वर जाऊ लागलं.

ती दचकून सरळ बसली.

"मार्तंडकाका, हे लेकरू लई हलकंय."

"कोणतं लेकरू?"

"दहा पौंडाचं. सव्वा वर्षाचं लिहिलंय. सव्वा वर्षाचं मूल वीस-बावीस पौंडाचं असतं. दहा पौंड म्हंजे दोन-अडीच महिन्याचं बाळ."

मार्तंडरावांनी चष्मा वर केला. पाटीवर त्यांचा हिशोब अजून पहिल्या ओळीत होता. त्यांनी खालून सुरुवात केली. "साठ पौंडाला साठ ग्रेन. भागिले साडेसात, आठ गोळ्या. बराबर. पंचेचाळीसला सहा. बराबर." मग त्यांचा खडू थांबला. "चौदाला चौदा ग्रेन. म्हंजे पावणेदोन-दोन गोळ्या. इथं चार. दहाला सव्वा गोळी, इथं तीन. सातला एक, इथं दोन."

"दुपटीच्या वर."

"दोन पूर्णांक दोन दशांश पट," मार्तंडराव हळू म्हणाले. ते उठले, काकासाहेबांच्या टेबलावरची फाईल घेऊन आले. तिच्यात दोन वेगळी पत्रकं निघाली. एक जुनं, पौंडाचं. दुसरं नव्या औषधाबरोबर आलेलं, त्यात लेकरांची वजनं किलोग्रामात: सात, दहा, चौदा. काकासाहेबांनी वरच्या तीन ओळी नव्यातून घेतल्या, खालच्या दोन जुन्यातून, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच शब्द लिहिला, पौंड. आकडे ओळीनं चढत गेले म्हणून कुणाला खटकलं न्हाई.

"सात किलो म्हंजे पंधरा पौंड, त्याला पंधरा ग्रेन, दोन गोळ्या. हे बिलकुल खरंय," मार्तंडराव म्हणाले. "आकडे खरे अन् नाव खोटं."

इंद्रायणीचं बोट आता कागदाच्या तळाशी होतं. तिथं बारीक अक्षरात टीप होती: मात्रा दर चार तासांनी द्यावी. "काका, चौदाच्या ओळीत दिवसाच्या चार गोळ्या अन् एका वेळेला एक. म्हंजे दिवसातून चार वेळा. चार तासांनी दिली तर चोवीस तासांत किती वेळा होत्यात?"

"सहा वेळा."

"मंग चारच्या सहा गोळ्या होत्यात."

मार्तंडरावांनी खडू खाली ठेवला. चौदा पौंडाच्या बाळाला दिवसात दोन गोळ्या जायला हव्यात, तिथं सहा. तिप्पट. अंगणातला कापूस तसाच तरंगत होता.

"अकरा प्रती माझ्या कपाटात हायेत," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "बारावी उमा घेऊन गेली. सोमवारी. मोटार सुटून राह्यली होती म्हणून मीच हातात दिली."

उमा नवी नर्स, वाटूरच्या दवाखान्यात एकटीच. आज बुधवार होता. मार्तंडरावांनी अंबडला काकासाहेबांकडे सायकलवर माणूस धाडला, आणि इंद्रायणीनं दहाची मोटार धरली.

रस्ताभर ज्वारी उभी होती, कणसं नुकती भरत होती. मोटार डुलत होती, माणसं डुलत होती, एका म्हातारीचं डोकं इंद्रायणीच्या खांद्यावर येऊन विसावलं होतं. तिला ते हलवावंसं वाटलं न्हाई. बाहेर सगळं सोनेरी, सुस्त, वेळ जणू उन्हात वाळत पडलेला. आणि तिच्या आत कुणीतरी सारखं मोजत होतं. सहा तासांनी एक, चार तासांनी एक.

वाटूरला उतरली तेव्हा दोन वाजायला आले होते. दवाखान्याच्या ओट्यावर उमा चमच्यात गोळी विरघळवत बसली होती. शेजारी गोजरबाई नावाची तरणी बाई, मांडीवर दहा महिन्यांची पोर.

"ताई! तुम्ही कशा आल्त्या?" उमा हसली. "पाहा ना, काल सकाळी आणली तेव्हा खोकत होती, अंग भाजत होतं. आता ताप उतरला. वजन चौदा पौंड भरलं, तक्त्यातच हाय बराबर. वय तेवढं जुळत नव्हतं, पण डॉक्टरसाहेब म्हणतात ना, वय पाहू नका, वजन पाहा."

"किती गोळ्या गेल्या?"

"दर चार तासांनी एक. सात झाल्या, ही आठवी."

इंद्रायणीनं पुढं होऊन तिच्या हातातला चमचा घेतला आणि बाजूला ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "ही न्हाई द्यायची. गोजरबाई, पोरीनं लघवी कधी केली?"

गोजरबाई आठवू लागली. "रात्री केल्ती. सकाळपासून लंगोट कोरडाच हाय. अन् दूध ओकून राह्यली." तिनं कालचा लंगोट दाखवला. त्यावर विटकरी रंगाची बारीक रेघ होती, वाळूसारखी.

इंद्रायणीला शिकवलेलं सगळं एकदम आठवलं. ही गोळी पोटात जास्त झाली आणि पाणी कमी पडलं, की तिचे खडे मूत्रपिंडात अडकतात. उमाला तिनं आत नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. उमाचा रंग उडाला. "मी तर जसं लिहिलं तसंच दिलं," ती म्हणाली. मग ओल्या डोळ्यांनी तक्ता पुन्हा पाहून, "एकूण चार लिहिलंय, ते मी पाह्यलंच न्हाई. टीप तेवढी वाचली."

"रडायचं मागनं. आधी पाणी उकळ."

उकळून निववलेलं पाणी, त्यात चिमूटभर खायचा सोडा. इंद्रायणीनं सोनूला, पोरीचं नाव सोनू होतं, मांडीवर घेतलं आणि चमचा चमचा पाजू लागली. दोन चमचे, थांबायचं. ओकली तर पुसायचं, पुन्हा एक. मधे आईनं छातीशी धरायचं. उमा घड्याळ पाहून कागदावर लिहीत होती. गोजरबाईनं एकदाच विचारलं, "बाई, पोरीला काय झालं?" आणि इंद्रायणीनं खोटं सांगितलं न्हाई. "औषध जास्त गेलं. कागदावर चूक होती, आमची. आता ते धुऊन काढायचंय." गोजरबाईनं आपल्या पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाजा."

दुपार लांबत गेली. निंबाची सावली ओट्यावर चढली, सोनूच्या पायावरून सरकली. दूर कुठंतरी बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, जवळ येत नव्हत्या, लांबही जात नव्हत्या. इंद्रायणीला मधेच वाटलं, आपण तिघी-चौघी पाण्याखाली बसलोय, आणि वर कुठं तरी दिवस चाललाय. सोनूचे डोळे अर्धे मिटलेले. श्वास जलद, पण होता.

ऊन पिवळं झालं तेव्हा इंद्रायणीच्या मांडीवर एकदम ऊब पसरली. आधी कळलंच न्हाई. मग लुगड्यातून ओलावा गुडघ्यापर्यंत आला.

"केली," ती म्हणाली. "उमा, केली!"

उमा धावत आली आणि तिनं कागदावर वेळ लिहिली. गोजरबाईनं ओला लंगोट दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. रंग गढूळ, लालसर झाक होती, पण भरपूर होतं. सोनू रडायला लागली. कालपासून पहिल्यांदा, पूर्ण आवाजात.

दुसऱ्या सकाळी काकासाहेब आले. त्यांनी छातीला नळी लावली, लंगोट पाहिला. लघवी स्वच्छ होईपर्यंत गोळी बंद, पाणी चालू, मग अर्धी गोळी, दिवसातून चार वेळा, त्याहून एकही जास्त न्हाई, असं स्वतःच्या हातानं लिहिलं. लिहिल्यावर कागद उमापुढं सरकवला. "गणित कर. एकूण किती होतं?"

"दोन," उमा म्हणाली. "चौदा पौंडाला चौदा ग्रेन. दोन गोळ्या म्हंजे पंधरा. बराबर हाय."

काकासाहेब बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. इंद्रायणी पाण्याचा तांब्या घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "एका बैठकीत उतरवला मी तो तक्ता. वाचतानासुद्धा मला बरोबर वाटला."

"मलाबी वाटला होता, साहेब."

सोनूचा खोकला आठ दिवस राहिला, पण श्वास सुधारला. गोजरबाई तिला घेऊन गावी गेली, जाताना उमाशी बोलली न्हाई. उमाला ते लागलं. ती इंद्रायणीला म्हणाली, "पुन्हा आली तर तिला काय सांगू?"

त्यानंतरच्या सोमवारी जालन्यात सगळ्या नर्सा जमल्या. मार्तंडरावांनी जुन्या बाराच्या बारा प्रती टेबलावर ठेवल्या, वाटूरची चुरगळलेलीसुद्धा. काकासाहेबांनी त्यातली एक वर धरली आणि दोन चुका कुठं झाल्या, कुणाच्या हातून झाल्या, ते सरळ सांगितलं. नव्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढं पौंड हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिला होता, आणि 'दर चार तासांनी' ऐवजी 'सहा तासांनी, दिवसातून चार वेळा, एकूण इतक्या'. पण तो त्यांनी वाटला न्हाई. फळ्यावर फक्त नियम लिहिला, एकेकीला एकेक वजन दिलं, आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. खोलीत खडूचा आवाज सुरू झाला. उमाच्या वाट्याला बावीस पौंड आले होते. तिनं गणित केलं, मिळवून पाहिलं, बरोबर आलं तरी पुसलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं.