फोन वाजायचा आणि गप्प बसायचा

डोळ्यांच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला तेव्हा ती नुकतीच जेवायला बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजींचा डोळा लालबुंद होऊन सुजला होता. तीन दिवस त्यांनी थेंबच घातले नव्हते.

ताट तसंच टाकून ती निघाली. दवाखान्यातल्या रुग्णांना त्यांच्या फोनवर थेंबांच्या वेळा मराठीत मोठ्यानं वाचून दाखवणारं अ‍ॅप तिनंच लिहिलं होतं. वाटेत तिनं नोंदी उघडल्या. आजींच्या नावापुढे तिन्ही दिवस ‘वाचून झालं’. म्हणजे चूक अ‍ॅपची नव्हती. क्षणभर तिच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्याच क्षणी त्याची लाज वाटली.

आजी बाकावर बसल्या होत्या. दुसरा डोळा जुनाच अधू.

“वाजायचा गं,” त्या म्हणाल्या. “मग गप्प. मला वाटलं, आज औषध नसेल.”

तिनं फोन हातात घेतला. स्वस्तातला, नवा. त्यात वाचून दाखवणारी यंत्रणा होती, पण मराठी आवाजच नव्हता. ‘ही भाषा नाही’ असं फोननं अ‍ॅपला सांगितलं होतं आणि तिनं लिहिलेल्या अ‍ॅपनं ते उत्तर पाहिलंच नव्हतं. मजकूर इंग्रजी आवाजाकडे गेला. त्याला देवनागरी येईना. तो मुकाट्यानं शेवटापर्यंत पोचला आणि ‘वाचून झालं’ अशी नोंद पडली.

मराठी आवाज डाउनलोड करायला फोनमध्ये जागा नव्हती. हिंदी आवाज लावून पाहिला. तो अक्षरं ओळखायचा, पण वेळेतल्या ‘४५’चं त्यानं ‘पैंतालीस’ केलं, ‘डोळ्यात’चं भलतंच काही.

“हा कोण बाबा?” आजींनी विचारलं. “काय म्हणतोय?”

आणखी कितीजणांचे फोन असे मुके होते, हे कळायला मार्गच नव्हता. तिनं ते कुठं नोंदवलंच नव्हतं. सिस्टरनं बासष्ट नंबरांची यादी पुढे ठेवली. दोघींनी वाटून घेऊन फोन लावले. प्रत्येकीच्या वाट्याला एकतीस. सतराजणांनी सांगितलं, फोन गप्पच असतो. दोघांनी उचललाच नाही. त्यांच्या घरी सिस्टर स्वतः गेल्या.

त्याच दुपारी औषधांच्या कोठीत दार लावून सिस्टरनं पंचवीस वाक्यं आपल्या आवाजात रेकॉर्ड केली. तिनं अ‍ॅप बदललं. मराठी आवाज फोनवर खरंच डाउनलोड झालेला असेल तरच अ‍ॅप तो वापरणार, नाहीतर रेकॉर्डिंग वाजवणार. थेंब घातल्यावर रुग्णानं स्वतः बटण दाबलं तरच नोंद पडणार. नाही दाबलं, तर दवाखान्यातून फोन जाणार.

डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली. डोळा राहिला. नजर मात्र पूर्वीसारखी आली नाही. माणसांचे आकार दिसतात, तोंडं नाहीत.

ती माफी मागायला गेली. आजींनी चाचपडत तिचा हात धरला.

“मीच कुणाला तरी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

ते तिला सगळ्यात जास्त लागलं.