सरोजाने मागितलेले अडीच तास

जेसल पार्कजवळच्या त्या नर्सिंग होममध्ये सरोजा कांबळे पाच वर्षं स्टाफ नर्स होती, आणि खोटं कारण सांगून सुट्टी घेण्यात तिथल्या मुली किती तरबेज आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं. कुणाची सासू घसरून पडायची, कुणाच्या दिराला कावीळ व्हायची. एकीचा मामा तर वर्षभरात दोनदा वारला होता. इन्चार्ज सिस्टर उर्मिला दळवी हे सगळं ऐकून घ्यायच्या आणि सुट्टी द्यायच्या. आजारपणाला नाही कसं म्हणणार?

म्हणून सरोजाने लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगचा विषय काढला, तेव्हा तिच्याच वॉर्डमधल्या आशाने सरळ सल्ला दिला. "ताप आलाय सांग पोरीला. गॅदरिंगसाठी इथे कोण सोडतंय?"

सरोजाची लेक पंचशीला आठवीत होती. यंदा शाळेच्या लेझीम पथकाची ती प्रमुख होती. शिट्टी तिच्या गळ्यात, आणि तिच्या इशाऱ्यावर चाळीस मुली पावलं टाकणार. दिवाळीपासून ती घरात ताटल्या वाजवून ठेका बसवत होती, खालच्या मजल्यावरचे पटेलकाका दोनदा वर येऊन गेले होते. तिचे वडील कोंडिराम सरकारी कचेरीत. त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला आणि विषय संपला. सरोजाची मात्र त्या आठवड्यात दुपारची ड्युटी होती, दोन ते आठ. कार्यक्रम चारला सुरू होणार.

सरोजाला आशाचा सल्ला पटला नाही. पोर एवढी ठणठणीत, चाळीस जणींच्या पुढे उभी राहणार, आणि आपण तिला तापाने अंथरुणात घालायचं? ते तिच्या जिभेवरच येईना.

गॅदरिंगला आठ-दहा दिवस असताना दुपारी सकाळच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, म्हणजे हँडओव्हर, घेतल्यावर ती उर्मिला मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. पूर्ण सुट्टी नको, चार ते साडेसहा एवढाच वेळ हवाय. आशाशी बोलून ठेवलंय. त्या दिवशी सकाळच्या ड्युटीला आशा असेल, तिला मी अडीच तास आधी येऊन मोकळं करते. ती इंद्रलोकला घरी जाऊन जेवेल, चारला परत येईल आणि मी येईपर्यंत वॉर्ड बघेल. दोघींचेही तास पूर्ण भरतील.

उर्मिला मॅडमनी ड्युटी चार्टवरून नजर वर उचलली. त्या मूळच्या मालवणच्या, वीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात काढून इथे आलेल्या. आवाज कधी चढायचा नाही, पण नकार द्यायला चढवावाही लागायचा नाही. त्यांनी साफ नाही म्हटलं. एकीला गॅदरिंगला सोडलं की उद्या दुसरी वाढदिवसाला जाईल, मग वॉर्डात उरणार कोण, असं त्यांचं म्हणणं.

सरोजा हलली नाही.

"मॅडम, ताप आलाय म्हटलं असतं तर तुम्ही सोडलं असतंत."

"सोडलं असतं."

"पण तसं कसं सांगू? पोरीचं काही चांगलं होतंय, तेच बघायला जायचंय मला. त्यासाठी तिला आजारी पाडायची माझी तयारी नाही."

उर्मिला मॅडमनी पेन उघडलं आणि चार्टवर त्या तारखेसमोर दोघींच्या वेळा बदलून लिहिल्या. खाली आशाची आणि सरोजाची सही घेतली. एकच अट घातली: बदली माणूस समोर येऊन हँडओव्हर घेत नाही तोवर वॉर्ड सोडायचा नाही. वॉर्डात काही गडबड असली, तर जाणं रद्द.

"कबूल," सरोजा म्हणाली.

गॅदरिंगच्या दिवशी सरोजा ठरल्याप्रमाणे लवकर आली. आशा घरी गेली. दुपारभर वॉर्ड शांत होता. चेणे गावच्या मंदाआजी तेवढ्या सलाईन कधी संपणार म्हणून विचारत होत्या. चार वाजायला आले तेव्हा ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला, अपेंडिक्सचा पेशंट वर येतोय. सरोजाने पलंग तयार केला, ऑक्सिजन तपासला. पेशंटला घेतलं, बीपी मोजलं, नाडी पाहिली, ड्रेसिंग पाहिलं. आणि आशाचा पत्ता नाही. फोन केला तर कळलं, फाटकाजवळ ट्रक बंद पडलाय, रिक्षा मागेही वळत नाही. ती उतरून चालत निघाली होती.

सरोजाने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. दर पंधरा मिनिटांनी बीपी घ्यायचं होतं, ते तिने घेतलं आणि चार्टवर लिहिलं. शब्द दिला होता, त्यामुळे निघायचा प्रश्नच नव्हता. डोळे भरून आले होते, पण हात नीट चालले होते.

मागून उर्मिला मॅडमचा आवाज आला. "हँडओव्हर मला दे."

सरोजाने वळून पाहिलं. मॅडम हात धुऊन उभ्या होत्या.

"मॅडम, तुम्ही वॉर्डात..."

"मी नर्स आहे, सरोजा. खुर्ची नंतर मिळाली. पेशंटचं सांग."

सरोजाने एकेका पलंगापाशी नेऊन सांगितलं. कुणाचं सलाईन कधी बदलायचं, कुणाला इंजेक्शन कधी, नव्या पेशंटचे आकडे काय. मॅडमनी प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घेतली, एकही सोडली नाही. मग वहीत सही केली आणि तिला दाराकडे हात केला.

कपडे बदलायला वेळ नव्हता. पिशवीतली निळी साडी पिशवीतच राहिली. पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच ती धावत शाळेच्या मैदानावर पोचली. कोंडिरामांनी तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. "पुढचाच नंबर," ते म्हणाले.

मग हलगी कडाडली. मैदानाच्या कोपऱ्यातून चाळीस मुली दोन रांगांनी आत आल्या, आणि त्यांच्या पुढे पंचशीला. फेटा, हिरवी नऊवारी, गळ्यात शिट्टी. तिने शिट्टी फुंकली आणि चाळीस लेझमी एकदम खणखणल्या. दुसऱ्या शिट्टीला रांगा एकमेकींतून आरपार गेल्या, तिसरीला गोल झाला. एका मुलीचं पाऊल चुकलं, तर पंचशीला नाचता नाचता तिच्या बाजूला सरकली, दोन ठेके तिच्यासोबत टाकले आणि तिला तालात आणून परत पुढे गेली. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना ते दिसलंही नसेल. सरोजाला दिसलं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "प्रमुख मुलगी कुणाची?"

सरोजा वळली. "माझी."

लेझीम संपल्यावर पंचशीला फेटा सावरत त्यांच्याकडे पळत आली. आईच्या युनिफॉर्मकडे बघून म्हणाली, "मला वाटलं तू येणारच नाहीस."

"सांगून आलेय," सरोजा म्हणाली. "खरं सांगून."

साडेसहाला ती वॉर्डात हजर होती. आशा पोचून बराच वेळ झाला होता, अपेंडिक्सचा पेशंट शुद्धीवर येऊन पाणी मागत होता. सरोजाने तिच्याकडून हँडओव्हर घेतला. उर्मिला मॅडम घरी निघाल्या होत्या. पर्स खांद्याला लावून त्या दारात थांबल्या.

"झालं का नीट?"

"फार छान झालं, मॅडम."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या शाळेत मी एकदाही गेले नाही. मागायचं असतं हेच सुचलं नव्हतं." आणि जिना उतरून गेल्या.

मंदाआजी पलंगावर उठून बसल्या होत्या. "येवढी हसतेस कनाला गो? काय झाला?"

सरोजा त्यांच्या सलाईनचा थेंब बघत उभी राहिली आणि अगदी सुरुवातीपासून, हलगी कशी वाजली इथपासून, त्यांना सांगू लागली. शेजारच्या पलंगांवरचे पेशंटही कान देऊन ऐकत होते.